देवगिरीची ऑडिओ टूर: एका संहितेचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका सांस्कृतिक संस्थेने देवगिरी ऊर्फ दौलताबादच्या किल्ल्यासाठी मराठीत ऑडिओ टूर करायचे ठरवले. मोबाइलवर आधी उतरवून घ्यायची, कानाला लावायची आणि किल्ला फिरायचा, एवढी साधी कल्पना. संहिता संपादनासाठी मला बोलावले. संस्थेचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही. किल्ला मात्र खरा आहे, कारण तो बदलला तर या प्रकरणात सांगण्यासारखे काही उरत नाही.

हा किल्ला इतर गडांसारखा नाही. रायगडावर गेलात तर माथ्यावर पोचून मनाला येईल तसे हिंडता येते. आधी बाजारपेठ बघा नाहीतर जगदीश्वर, फारसे बिघडत नाही. देवगिरीला वाट एकच. महाकोट या तटाच्या दरवाजांतून आत शिरायचे, हत्ती हौद आणि चांद मिनाराच्या सपाटीवरून कालाकोट या आतल्या तटाकडे जायचे, मेंढा तोफेच्या बुरुजापाशी खंदक बघायचा, पूल ओलांडून अंधारी नावाच्या काळोख्या बोगद्यात शिरायचे, बाहेर पडून पायऱ्या चढत बारादरी गाठायची आणि दम असेल तर शिखर. एकूण साडेसातशेच्या आसपास पायऱ्या होतात. आणि जसे गेलात तसेच परत यायचे. ही शेवटची गोष्ट कोणीच गंभीरपणे घेतली नव्हती. पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते.

पहिली संहिता इतिहासाच्या एका जाणत्या प्राध्यापकांनी लिहिली होती. चौदा थांबे, सगळे चढताना. वाचायला देखणी. यादवांपासून निजामापर्यंत एकही राजवट सुटलेली नव्हती. तपशीलही चोख होते: बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचव्याने इथे राजधानी उभारली, १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी आला, १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे हलवली, १६३३ मध्ये मुघलांनी निजामशाहीकडून किल्ला घेतला. ध्वनिमुद्रणासाठी आवाजही ठरला होता, आकाशवाणीवर मुरलेला. संस्थेचे म्हणणे एवढेच होते की मी शुद्धलेखन आणि वाक्ये तपासावीत.

मी एक अट घातली. मुद्रणाआधी ही संहिता किल्ल्यावर चालवून बघू. कोणीतरी मोबाइलवर वाचून कच्चे मुद्रण करावे आणि वेगवेगळ्या वयाची चार-पाच माणसे ते ऐकत किल्ला चढतील.

अडचण

आम्ही सोबत घेतलेल्यांत एक कॉलेजातली मुलगी होती, साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक होते आणि लहान मुलाला घेऊन आलेले एक जोडपे. मी मागून घड्याळ आणि वही घेऊन चालत होतो.

हत्ती हौदापाशी पहिली फट दिसली. हौद मोठा आहे, काठावर उभे राहिले की खाली उतरता उतरता नजर दमते. संहितेत मात्र तिथे सव्वातीन मिनिटे यादवांची वंशावळ चालू होती. ऐकणारे हौदाकडे बघत होते आणि कानात सिंघण, महादेव, रामचंद्र अशी नावे येत होती. मुलगी दोनदा मागे नेऊन ऐकू लागली. शिक्षक सावली शोधत भिंतीपाशी गेले. त्यांना हौद दिसेनासा झाला, पण आवाज म्हणत होता, 'समोर पाहा.'

दुसरी अडचण चढणीवर आली. संहितेत एका थांब्यापासून दुसऱ्यापर्यंत चालतानाही निवेदन चालू होते, म्हणजे वेळ वाया जाऊ नये. पण पायऱ्या चढताना माणसाला स्वतःचीच धाप ऐकू येते. वर श्वास लागलेला, खाली पायरी ओबडधोबड, हातात मुलाचे बोट. त्या अवस्थेत 'बहमनी सत्तेच्या उदयाची कारणमीमांसा' कोणाच्या डोक्यात शिरणार? जोडप्याने कालाकोटाच्या अलीकडेच आवाज बंद केला. तो नंतर त्यांनी चालू केलाच नाही.

तिसरी अडचण दिशांची. 'डावीकडे वळा' हे वाक्य कागदावर स्वच्छ असते. पण माणूस तोफ बघायला तिच्याभोवती फिरलेला असतो, फोटोसाठी पाठ करून उभा असतो. त्याची डावी बाजू कुठली हे लिहिणाऱ्याला कसे कळणार? मेंढा तोफेपाशी नेमके असे झाले. ऐकणाऱ्यांपैकी दोघे उलट्या बाजूने बुरुजाच्या कठड्याकडे गेले.

चौथी गोष्ट चाचणीत दिसली नाही, ती वाहनतळावर कळली. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारी बहुतेक भाड्याची गाडी इथे थांबते आणि ड्रायव्हर सांगतो, 'एका तासात या.' म्हणजे तिकीट काढणाऱ्यांपैकी पुष्कळांना शिखर गाठायचेच नसते. पहिली संहिता १ तास ४० मिनिटांची होती, तीही नुसत्या बोलण्याची. चालणे वेगळे.

काय काय करता आले असते

पहिला पर्याय जीपीएसचा. माणूस ठरलेल्या जागी पोचला की फाइल आपोआप सुरू. संस्थेतल्या तरुण मंडळींना हा हवा होता आणि सपाटीवर तो चाललाही असता. पण कड्याच्या खाली उभे राहिल्यावर उपग्रहांचा अर्धा आकाशच झाकला जातो आणि मोबाइलवरचा ठिपका खंदकाच्या पलीकडे उडी मारतो. अंधारीच्या आत तर काहीच नाही. शिवाय इथे वाट स्वतःवरच परत येते. चढताना आणि उतरताना माणूस त्याच जागेवरून दोनदा जातो, तेव्हा फाइल कुठल्या वेळी सुरू व्हायची? त्यावर तोडगे काढता येतात, पण खर्च वाढतो आणि बिघडले तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही.

दुसरा पर्याय एकच सलग फाइल, मध्ये 'आता थांबा, चालत राहा' अशा सूचना. हा स्वस्त. पण सलग फाइलीत सगळ्यांची चाल एकच धरावी लागते. कालाकोटापासून खंदकाच्या पुलापर्यंत कॉलेजातल्या मुलीला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट शिक्षकांना लागला. मधल्या शांततेची लांबी कोणाच्या हिशेबाने ठेवायची?

तिसरा पर्याय क्रमांकांच्या सुट्या फाइली. पोचलात की स्वतः बोट लावायचे. हा आम्ही निवडला, पण त्यातही एक गाठ होती. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. परवानगीशिवाय तिथे क्रमांकाच्या पाट्या तर सोडाच, एक स्टिकरही लावता येत नाही. परवानगी मिळेपर्यंत थांबायचे नव्हते. म्हणजे 'थांबा क्रमांक चार' कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळायचे साधन दोनच: आधीच्या फाइलीतले शेवटचे वाक्य आणि मोबाइलवरचे एक छायाचित्र. त्यामुळे प्रत्येक फाइलीचे शेवटचे वाक्य हे या संहितेतले सर्वांत जबाबदार वाक्य ठरले. वंशावळीत एक नाव इकडेतिकडे झाले तर कोणी हरवत नाही, पण ते वाक्य चुकले तर हमखास हरवतो.

चौथा प्रश्न पर्यायांचा नव्हता, मांडणीचा होता, आणि तोच सगळ्यांत कठीण गेला. चौदा थांबे चढताना का? प्राध्यापकांचे उत्तर सरळ होते: माणूस जे आधी बघतो ते आधी सांगावे. बरोबरच वाटते. पण मग उतरताना काय? माणूस दमलेला, पाय थरथरणारे, घोटाभर पाणी शिल्लक, आणि कान रिकामे. उलट चढताना प्रत्येकाला घाई असते. चांद मिनार समोर दिसत असतो, पण डोळे डोंगरावर असतात. ऊन चढायच्या आत वर पोचायचे असते आणि खाली थांबलेला प्रत्येक मिनिट पुढे उन्हात फेडावा लागतो.

निर्णय: थांबे दोन वाटांत वाटणे

आम्ही थांबे विभागले. चढताना फक्त ते, जे चढण्याशी जोडलेले आहे, म्हणजे संरक्षण: दरवाजे, हौद, तोफ, खंदक, अंधारी. उतरताना ते, ज्यांना वेळ आणि सावली लागते: चिनी महाल, भारतमाता मंदिर, चांद मिनार. मध्ये बारादरी, जिथे माणूस बसतो.

याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. कथा आपोआप दोन भागांत पडली. वर जाताना 'आत कसे शिरायचे' हा प्रश्न, खाली येताना 'आत कोण राहिले' हा. चिनी महाल हे त्याचे चांगले उदाहरण. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथे कैदेत ठेवले. हे चढताना सांगितले तर ती आणखी एक राजवट होते. उतरताना, जेव्हा ऐकणाऱ्याने खंदक आणि अंधारी स्वतः ओलांडलेली असते, तेव्हा या वास्तूत डांबलेल्या माणसाला बाहेरचे जग किती लांब असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे तुकडे अजून आहेत, ज्यांच्यावरून महालाला नाव पडले. ते बघायला थांबायला हवे आणि उतरणारा माणूस थांबतो.

प्राध्यापकांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा आक्षेप रास्त होता: काळाचा क्रम मोडतो. ऐकणारा १६८७ नंतर १३१८ ऐकतो. आम्ही तोड काढली ती अशी की प्रत्येक फाइलीत साल एकदाच येईल आणि तेही 'तुघलकाच्या आधी', 'मुघलांच्या नंतर' अशा मेखेला बांधून. सालांची साखळी ज्यांना हवी त्यांच्यासाठी छापील पान वेगळे दिले.

दुसरा निर्णय एका तासवाल्यांचा. कालाकोटाच्या दरवाजापाशी आम्ही फाटा ठेवला. तिथली फाइल स्पष्ट सांगते: 'तुमच्याकडे तासाभराहून कमी वेळ असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर इथून पुढे मेंढा तोफेपर्यंत जा, खंदक बघा आणि तिथूनच परत फिरा. परत येताना दहाव्या क्रमांकापासून ऐका.' त्यामुळे अर्ध्यातून फिरणाऱ्यालाही पूर्ण गोष्ट मिळते, शेपूट तुटल्यासारखे होत नाही. हे फाटे नंतर चिकटवता येत नाहीत. दहाव्या फाइलीत 'मघाशी अंधारीत आपण पाहिले' असे एक वाक्य असले की अर्ध्यातून फिरलेला माणूस बाहेर पडला. म्हणून एका फाइलीने दुसरीचा आधार कुठे घ्यायचा याची यादीच करून भिंतीवर लावली.

काय केले: शब्द, सेकंद आणि शांतता

निवेदकाचा वेग मोजला. मराठीत सावकाश, समजेल असे बोलले तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटांचा थांबा म्हणजे सव्वादोनशे शब्द, त्यातून बघण्याची शांतता वजा. उन्हातल्या थांब्याला आम्ही दीड मिनिटाची मर्यादा घातली, सावलीतल्याला अडीच, आणि बसता येईल अशा बारादरीला चार. या मर्यादेने संपादन निम्मे आपोआप झाले. प्राध्यापकांची हौदाची सव्वातीन मिनिटे दीडवर आली, तेव्हा यादवांची वंशावळ गेली आणि पाणी राहिले.

चालताना बोलणे बंद. हा नियम एकदा ठरल्यावर मोडला नाही. थांब्याची फाइल संपते, शेवटी वाट सांगितली जाते, आवाज थांबतो. पुढच्या जागी पोचल्यावरच पुढची.

वाट सांगण्याची रीत बदलली. डावे-उजवे जवळपास काढून टाकले आणि माणसाला मोठ्या, हलणार नाही अशा वस्तूंमध्ये उभे केले. जुने वाक्य असे होते:

'येथून डावीकडील मार्गाने पुढे मार्गक्रमण करत आपण कालाकोटाच्या प्रवेशद्वाराजवळ येऊन पोहोचतो.'

नवे असे झाले:

'आता मिनार पाठीशी घ्या, म्हणजे डोंगर समोर येईल. चढत जाणारी फरसबंद वाट सोडू नका. दगडी दरवाजा ओलांडलात की त्याच्या सावलीत थांबा आणि चौथी फाइल लावा. सावकाश चाललात तर आठ-दहा मिनिटे लागतील.'

शेवटचे वाक्य चुकूनही गाळायचे नाही, हे शिक्षकांमुळे कळले. त्यांना अंतर नको होते, वेळ हवी होती, आणि वेळही त्यांच्या चालीने. म्हणून सगळीकडे वेळा सर्वांत हळू चालणाऱ्याच्या घेतल्या. वेगाने चालणाऱ्याला लवकर पोचल्याचा आनंदच होतो. हळू चालणाऱ्याला 'पाच मिनिटे' ऐकून दहा लागली, तर वाट चुकली असे वाटून तो परत फिरतो.

थांब्यावर बोलण्याचा क्रमही एकच ठेवला: आधी दाखवा, मग गप्प बसा, मग सांगा. मेंढा तोफेचा तुकडा असा तयार झाला:

'तोफेच्या तोंडाकडे नको, मागच्या टोकाला या. [६ सेकंद शांतता] मेंढ्याचे डोके दिसले? वळलेली शिंगे बघा. त्यावरून लोक हिला मेंढा तोफ म्हणतात. फारसी नाव आहे किला शिकन, किल्ला फोडणारी. आता तोफ जिथे बसवली आहे तो बुरुज पायाने मापा. ती एकाच दिशेला तोंड करून ठेवलेली नाही, खुंटावर फिरवता येते. [४ सेकंद] आता कठड्याच्या आत राहून खाली बघा. हा खंदक बांधलेला नाही, डोंगराचा खडक तासून काढला आहे. पलीकडची भिंत बघा, तीही डोंगरच आहे, पण उभी कापलेली. चढायला बोट टेकेल अशी जागा ठेवलेली नाही.'

'कठड्याच्या आत राहून' हे तीन शब्द चाचणीनंतर आले. कानात आवाज असला की माणूस आवाजाच्या स्वाधीन होतो. 'पुढे जा' म्हटले की जातो. कड्याच्या बाजूला कुठेही 'पुढे', 'वाकून', 'अजून थोडे' हे शब्द येऊ द्यायचे नाहीत असा नियम केला.

अंधारी: सर्वांत मोठा वाद

अंधारी म्हणजे खडकातून वर चढत जाणारा, वळणे घेणारा काळोखा बोगदा. वटवाघळांचा वास, पायरीची उंची प्रत्येक वेळी वेगळी. गाइड लोक इथे रंगात येतात: शत्रू शिरला की मशाली विझायच्या, आपलीच माणसे आपल्याच माणसांवर तुटून पडायची, उजेडाच्या दिशेने गेले की थेट खंदकात, वरून उकळते तेल. निर्मात्यांना इथे नाट्य हवे होते. श्वासाचे आवाज, तलवारींचा खणखणाट, कुजबुज, आणि ते ऐकत माणूस बोगद्यातून चालणार. कागदावर कल्पना जबरदस्त होती.

चाचणीत ती टिकली नाही. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसरा हात भिंतीला, आणि कानात खणखणाट. मागून येणाऱ्या शाळेच्या सहलीतला मुलगा ओरडला, 'बाजूला व्हा,' ते मुलीला ऐकूच आले नाही. पायरी चुकली, गुडघा खरचटला. फार लागले नाही, पण वाद तिथेच संपला.

तीन मार्ग चर्चेला आले. बोगद्यात आवाज हळू ठेवणे, एकाच कानात ठेवणे, किंवा काहीच न ठेवणे. आम्ही शेवटचा घेतला. बोगद्याच्या तोंडाशी सव्वा मिनिटाची फाइल, मग हे वाक्य: 'आता दोन्ही कान मोकळे करा. बॅटरी लावा. आत थांबू नका, फोटो नको, भिंतीला हात ठेवा. उजेडात आलात की सातवी फाइल लावा.' आत निव्वळ काळोख आणि इतरांची पावले. माझ्या मते टूरमधला हा सर्वांत चांगला थांबा झाला, आणि त्यात आमचे एकही वाक्य नाही.

दंतकथांचे काय करायचे हा वेगळा प्रश्न. त्या गाळल्या तर किल्ल्यावर नव्याने आलेल्यालाही चुकल्यासारखे वाटते, कारण बाजूचा गाइड दुसऱ्या कुटुंबाला तेच मोठ्याने सांगत असतो. आम्ही दंतकथा ठेवल्या, पण 'असे सांगतात' हे वाक्याच्या सुरुवातीला आणले. शेवटी ठेवले तर तोवर माणसाने खरे मानलेले असते. आणि सातव्या फाइलीत, बाहेर पडल्यावर, त्यांना एक उत्तर दिले: एवढी भयानक वाट असूनही किल्ला पडला, तो या वाटेने शत्रू शिरल्यामुळे नव्हे. १२९६ मध्ये रामचंद्रदेवाचे मुख्य सैन्य बाहेर होते, किल्ल्यात घाईने नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत फारसी तवारिखांत येते. १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घालून तट सुरुंगाने उडवला आणि उपासमार झालेल्या किल्ल्यातून मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान शरण आला. अंधारीचा वापर करण्याची वेळ येण्याआधीच प्रश्न निकाली निघत असे, हे ऐकणाऱ्याला पायऱ्यांवर बसून ऐकायला मिळते. चाचणीतल्या शिक्षकांनी मिठाची गोष्ट दोनदा ऐकली.

चौदाव्या शतकात इथे आलेल्या इब्न बतूताने या किल्ल्यातल्या तुरुंगाबद्दल लिहिले आहे की तिथले उंदीर मांजरांहून मोठे होते आणि मांजरे त्यांना घाबरून पळत. हे आम्ही अंधारीच्या तोंडाशी ठेवणार होतो. मुलाच्या आईने हात जोडले. ते बारादरीवर गेले.

भारतमाता मंदिर: शब्दांचा तोल

इथे चालण्याचा प्रश्न नव्हता, बोलण्याचा होता. ही वास्तू १३१८ मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खलजीच्या काळात मशीद म्हणून उभी राहिली, खांब आधीच्या मंदिरांचे, आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर इथे भारतमातेची मूर्ती बसली. संस्थेतल्या एकाला मशीद हा शब्द नको होता, दुसऱ्याला मंदिर हा. दोघांनीही 'वास्तू' म्हणून प्रकरण मिटवा असे सुचवले. पण ऐकणारा समोर उभा असतो. त्याला खांबांवरचे कोरीव काम दिसते, मेहराब दिसतो, मूर्ती दिसते. जे डोळ्यांना दिसते ते कानाने लपवले की पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास उडतो. म्हणून तीन थर, तीन वाक्ये, कुठलेही विशेषण नाही. आधी खांबाकडे बोट, मग पश्चिमेच्या भिंतीकडे, मग मूर्तीकडे. फाइल १ मिनिट ५० सेकंदांची. कोणाची तक्रार आली नाही, असे संस्थेने नंतर कळवले.

निष्पत्ती

अंतिम संहितेत बारा क्रमांकाच्या फाइली आणि तिकीट खिडकीपाशी ऐकायची एक शून्य क्रमांकाची. तिच्यात पाणी, बूट, बॅटरी, किती वेळ लागेल, आणि एक कान मोकळा ठेवा, एवढेच. सगळ्या मिळून बोलणे २७ मिनिटे. चालण्यासह पूर्ण फेरी अडीच ते तीन तासांची, छोटी फेरी तासाच्या आत. म्हणजे पहिल्या संहितेतल्या चार वाक्यांपैकी तीन गेली. प्राध्यापकांनी गेलेल्या मजकुरातला बराचसा भाग छापील पुस्तिकेत घेतला आणि ती पुस्तिका चांगली झाली आहे.

दुसऱ्या चाचणीत एक बारीक गोष्ट दिसली. बारादरीपाशी चार मिनिटांची फाइल होती, पण तिथे वारा इतका असतो की साध्या इअरफोनमध्ये निवेदकाचा खालचा स्वर ऐकूच येत नाही. ती फाइल पुन्हा मुद्रित केली, थोड्या चढ्या आवाजात आणि मागचे संगीत काढून. शहाजहानच्या १६३६ च्या भेटीसाठी बांधलेली ही बारादरी, खाली पसरलेली तटांची वर्तुळे, आणि दूरवर मिनार. इथे बघण्यासाठी आम्ही पंधरा सेकंदांची शांतता ठेवली. काहींना फाइल बंद पडली असे वाटले. आता शांततेआधी 'थोडा वेळ नुसते बघा, मी थांबतो' असे वाक्य आहे.

शिखराजवळच्या जनार्दन स्वामींच्या गुहेची फाइल सर्वांत कमी लोक ऐकतात, कारण तिथवर पोचतातच थोडे. पण जे पोचतात ते पैठणच्या एकनाथांचे गुरू इथे निजामशाहीचे किल्लेदार होते हे ऐकून बसतात. संस्थेने ही फाइल काढून खर्च वाचवावा असे सुचवले होते. आम्ही ठेवली, फक्त सोप्या जागी हलवली नाही. ती वर चढून आलेल्यालाच मिळते.

पुन्हा करायचे झाले तर

चालून बघणे मुद्रणाआधी नव्हे, लिहिण्याआधी व्हायला हवे. संहिता लिहून झाल्यावर थांबे हलवणे म्हणजे प्राध्यापकांच्या वाक्यांवर कात्री, आणि तो ताण टाळता आला असता. लेखकाने आधी रिकाम्या हाताने चढावे, कुठे माणसे आपोआप थांबतात, कुठे सावली पडते, कुठे मागून गर्दी येते हे टिपावे, आणि मग कुठे काय सांगायचे ते ठरवावे.

पुरातत्त्व खात्याची परवानगी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. नाकारली गेली असती तरी नुकसान नव्हते. मिळाली असती तर प्रत्येक फाइलीच्या शेवटी वाट समजावण्यात जे शब्द गेले ते वाचले असते.

पावसाळ्याची संहिता वेगळी लागते. 'सावलीत थांबा' हे वाक्य जुलैत हास्यास्पद होते, आणि तेव्हा पायऱ्या निसरड्या असल्याने चालण्याच्या वेळाही बदलतात. फक्त शून्य क्रमांकाची फाइल आणि वाटेची शेवटची वाक्ये सुटी मुद्रित करून ठेवली असती, तर तेवढीच बदलता आली असती. सध्या ती थांब्याच्या फाइलीत शिवलेली आहेत.

अंधारी बंद असते तेव्हा काय, याचे उत्तरही अर्धवट आहे. कधी डागडुजीसाठी, कधी गर्दीमुळे लोकांना दुसरीकडून वळवले जाते. सहाव्या फाइलीत 'रखवालदार दुसरी वाट दाखवेल तर तिकडून जा आणि सातवी फाइल वर पोचल्यावर लावा' असे एक वाक्य घातले आहे. पण सातव्या फाइलीची सुरुवात अजून 'काळोखातून बाहेर आलात' अशीच आहे. ती बदलून घेण्यासाठी निवेदकाची पुढची तारीख मागितली आहे.